पुनर्मूल्यांकनाचा अर्ज

प्रिय सुहास,

तुझा फोन आला तेव्हा नीट बोलता आलं नाही, मनच नव्हतं. संख्याशास्त्रात मला ऐंशीपैकी 31 पडले. पासिंग 32 ला! ज्या पेपरची सगळ्यात जास्त खात्री होती त्यातच नापास. हे मी मुकाट्याने मान्य करणार नाही.

घरचे म्हणाले, लगेच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज टाक. मी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, आणि तेच बरं झालं. उत्तरपत्रिका पाहण्याचा आपला हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. पण पेपर पाहायला मिळाला म्हणजे तो पुन्हा तपासून घ्यायचा हक्क मिळाला असं नाही, तो विद्यापीठाच्या नियमांवरच ठरतो.

छायाप्रत हातात आल्यावर मी आधी पहिल्या पानावरचा गुणांचा तक्ता पाहिला. पहिल्या प्रश्नाला 13, दुसऱ्याला 10, तिसऱ्याला 8. बेरीज बरोबर 31. चौथ्याचा रकाना मात्र कोरा. शून्यसुद्धा नाही! चौथा प्रश्न मी पुरवणीत सोडवला होता. पुरवणीची पानं छायाप्रतीत आहेत, पण त्यांवर बरोबरची खूण नाही, फुली नाही, लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. वीस गुणांचा प्रश्न कुणी वाचलाच नाही रे.

तिसऱ्या प्रश्नाची तक्रार वेगळी आहे. त्यातल्या एका उपप्रश्नात मी गृहीतमध्य पद्धतीने प्रमाण विचलन काढलं होतं. उत्तर बरोबर, पायऱ्या पूर्ण, तरी दहापैकी 2. कुठली पद्धत वापरावी हे प्रश्नात दिलेलंच नव्हतं.

म्हणून अर्जात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या. न तपासलेला प्रश्न ही गुणपडताळणीची बाब, कमी दिलेले गुण ही पुनर्मूल्यांकनाची. 'पेपर चांगला गेला होता, गुण कमी आले' एवढंच लिहिलं की कारकून अर्ज ढिगात टाकतो. मी आसन क्रमांक, विषयाचा संकेतांक आणि पुरवणीचा क्रमांक घातला आणि लिहिलं, 'प्रश्न 4, पुरवणीची पाने 2 ते 5, मूल्यमापन झालेले नाही.' सोबत त्या पानांच्या प्रती जोडल्या. शुल्काची पावती आणि आवक क्रमांक घातलेली अर्जाची पोच जपून ठेवली आहे.

एक धोका आहे. आमच्याकडे दुसऱ्या परीक्षकाने कमी गुण दिले तर तेच कायम धरतात. पण चौथ्याला एक गुण मिळाला तरी मी पास होतो, आणि माझ्या हिशेबाने पंधराच्या खाली यायला नको. तिसऱ्यावरचं आपलं म्हणणंही मी सोडणार नाही.

निकाल लागायच्या आत पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपते. म्हणून राग गिळून या विषयाचा फॉर्मही भरला. तुझ्या बहिणीचाही निकाल लागलाय ना? तिला सांग, मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, छायाप्रत लगेच मागव.

तुझा,
अनिकेत