विमानात बसल्यावरची दुआ

जुने नाशिक

प्रिय बेटी,
अस्सलामु अलैकुम.

परवा फोनवर तू विचारलेस की सफरची दुआ घरातून निघताना म्हणायची की विमान उडताना. याचे उत्तर कुरआनातच आहे. सूरह जुखरुफमध्ये नौका आणि जनावरे या वाहनांचा उल्लेख करून पुढे म्हटले आहे की त्यांच्या पाठीवर नीट स्थिरावल्यावर आपल्या पालनकर्त्याची कृपा आठवावी आणि मग म्हणावे : ‘सुब्हानल्लजी सख्खर लना हाजा वमा कुन्ना लहू मुक्रिनीन, व इन्ना इला रब्बिना लमुन्कलिबून.’ म्हणजे आधी बसणे, मग आठवणे, मग बोलणे. रांगेत उभे राहून बोर्डिंग पास दाखवताना घाईघाईने पुटपुटण्याची ही दुआ नव्हे.

अर्थ असा : ज्याने हे आमच्या ताब्यात दिले तो पवित्र आहे, एरवी याला काबूत आणणे आमच्या आवाक्यातले नव्हते, आणि आम्ही आमच्या पालनकर्त्याकडे परत जाणारच आहोत. ‘मुक्रिनीन’च्या मुळाशी जोडण्याचा, एकत्र बांधण्याचा अर्थ आहे, तुझ्या आजोबांच्या शेतातली बैलजोडी आठव. ज्याच्या बरोबरीने आपण जुवाला लागू शकलो नसतो, असे वाहन आपल्याला वाहून नेते आहे, ही ती कबुली. शेवटचे वाक्य विमानात अशुभ वाटते म्हणून काही जण गाळतात, ते मला मुळीच पटत नाही. आयत अर्धी सोडू नये.

आता तुझा प्रवास पाहू. उंबरठा ओलांडताना ‘बिस्मिल्लाहि तवक्कल्तु अलल्लाह’ म्हण. नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलीस की तुझा सफर सुरू झाला, तेव्हा पूर्ण दुआ म्हण. सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने उमर यांनी सांगितले आहे की पैगंबर (स.) प्रवासाला निघताना उंटावर स्थिरावले की तीनदा ‘अल्लाहु अकबर’ म्हणत, मग ही आयत आणि त्यापुढे दुआ. त्या दुआत ‘तूच सफरमधला सोबती आणि मागे घरच्यांचा सांभाळ करणारा’ असे शब्द आहेत. ते म्हणताना अम्मीला आणि मला आठव.

मुंबईत विमानात पाऊल ठेवताना बिस्मिल्लाह म्हण. बॅग वरच्या कप्प्यात ठेवून पट्टा लावलास की आयत पुन्हा म्हण. विमान अजून जागेवरच उभे असले तरी चालते. दोह्याला विमान बदलशील तेव्हा नव्या आसनावर आयत म्हटलीस तरी पुरे. सूचनांच्या गोंधळात राहून गेली, तर आठवेल तेव्हा म्हण. विमान वर चढताना ‘अल्लाहु अकबर’ आणि उतरताना ‘सुब्हानल्लाह’ म्हण. चढावर आणि उतारावर आम्ही असेच करत असू, असे हजरत जाबिर यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे.

परतीच्या विमानात हीच दुआ म्हणून तिच्या शेवटी ‘आयिबून, ताइबून, आबिदून, लिरब्बिना हामिदून’ हे जोड; त्यातला पहिलाच शब्द ‘परतणारे’ असा आहे.

तुझे अब्बा