नवीन सिमनंतर नेट रेंगाळण्याचे कारण तुमचाच सेटिंग संदेश आहे: तिसऱ्यांदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सिम बदलल्यानंतर फोनमध्ये चुकीची एपीएन नोंद बसवली गेल्याबद्दल व त्यावरील तक्रार तीन वेळा न तपासता बंद केल्याबद्दल

महोदय,

मी तुमची प्रीपेड ग्राहक आहे. जुने सिम झिजल्यामुळे फोन अधूनमधून 'सिम नाही' असे दाखवू लागला, म्हणून 19 दिवसांपूर्वी त्याच नंबरचे नवे सिम घेतले. सिम वेळेत सुरू झाले, कॉल लागले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण त्याच संध्याकाळपासून नेट असे रेंगाळू लागले की एक साधा अर्ज भरायला मला दुसऱ्याचे वायफाय मागावे लागले. या 19 दिवसांत मी तुमच्या केंद्राला तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तक्रार 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद झाली. निराकरण झाले हे खरे, पण ते मी केले. आणि ते टिकत का नाही, याचे कारण तुमच्याकडे आहे. म्हणून हे पत्र.

आधी लक्षणे सांगते, कारण फोनवर ती शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतली नाहीत. वर 4G दिसत होते, दांड्याही भरलेल्या होत्या. व्हिडिओ कॉल अगदी स्वच्छ चालत होता. पण ब्राउझरमध्ये कोणतेही पान उघडले की वरची निळी पट्टी थोडी पुढे सरकायची आणि तिथेच अडून बसायची. घड्याळ लावून पाहिले. जे पान घरच्या वायफायवर दोन सेकंदांत उघडते, त्याला मोबाइल डेटावर 22 सेकंद लागले. गर्दीच्या वेळी टॉवरवर भार येतो हे मलाही कळते, म्हणून पहाटे पाचलाही पाहिले. तेव्हाही 21. शिवाय भारच असता तर व्हिडिओ कॉलही तुटला असता.

तुमच्या प्रतिनिधींनी मला तुमच्याच ॲपमधून वेग मोजायला सांगितले. आकडा आला 31 एमबीपीएस. "बघा मॅडम, स्पीड तर उत्तम आहे," म्हणून तक्रार बंद. दुसऱ्या वेळी सल्ला मिळाला की फोन पूर्ण रिसेट करा, म्हणजे सगळे फोटो, सगळी खाती पुसून पुन्हा मांडा. मी तो मानला नाही, हे माझे नशीब. तिसऱ्या वेळेबद्दल पुढे सांगते.

मग मी साधी अदलाबदल केली. माझे सिम भावाच्या फोनमध्ये घातले, तर तेच पान दोन सेकंदांत उघडले. दुसऱ्या कंपनीचे सिम माझ्या फोनमध्ये घातले, तरीही दोन सेकंद. म्हणजे सिम चांगले आणि फोनही चांगला, पण दोघे एकत्र आले की रडगाणे. मग दोष दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार. आणि मध्ये असते ती एपीएन नोंद. डेटा सुरू करताना फोन तुमच्या नेटवर्कला जे दार सांगतो ते या नोंदीत लिहिलेले असते आणि फोन ती प्रत्येक सिमसाठी वेगळी ठेवतो. म्हणूनच दुसऱ्या सिमला काही त्रास झाला नाही.

सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कच्या आत Access Point Names उघडले. तिथे एका ऐवजी दोन नोंदी होत्या आणि टिंब दुसरीवर होते. ती उघडल्यावर हे दिसले (पत्त्याचे पुढचे आकडे मी इथे गाळले आहेत, चित्रात आहेत):

```
APN:       internet
Proxy:     10.x.x.x
Port:      8080
APN type:  default,supl,mms
```

पहिल्या, म्हणजे फोनमध्ये मुळात असलेल्या नोंदीत APN तेच होते, पण Proxy आणि Port या दोन्ही ठिकाणी Not set होते. फरक एवढाच.

या दोन ओळींनी काय होते ते मी समजून घेतले आणि माझ्या शब्दांत सांगते. प्रॉक्सी म्हणजे एका मधल्या यंत्राचा पत्ता आणि पोर्ट म्हणजे त्यावरच्या खिडकीचा क्रमांक. प्रॉक्सी भरलेला असला की ब्राउझर पान आणायला थेट जात नाही, आधी त्या मधल्या यंत्राकडे जातो आणि ते यंत्र पान मागवते. छोट्या पडद्याच्या फोनांच्या जमान्यात असे मध्यस्थ ठेवले जात, ते पाने लहान करून देत. चित्रसंदेशांसाठीही वेगळा प्रॉक्सी लागायचा, त्याची जागा नोंदीत खाली स्वतंत्र आहे. आता बहुतेक पाने कुलूपबंद येतात, मध्यस्थाला आत डोकावताही येत नाही, मग तो लहान काय करणार? नुसता रांग लावतो. एका पानामागे चित्रे, अक्षरे, जाहिराती धरून कित्येक मागण्या जातात आणि त्या सगळ्या त्याच एका जुन्या खिडकीसमोर उभ्या राहतात. पत्ता 10 पासून सुरू होतो, म्हणजे तो खासगी पत्ता आहे, इंटरनेटवरचा नाही, तुमच्या नेटवर्कच्या आतला आहे. त्यामुळे ते यंत्र माझे किंवा फोन बनवणाऱ्याचे असू शकत नाही.

व्हिडिओ कॉल मात्र या मध्यस्थाला विचारत बसत नाही, तो थेट जातो. तुमच्या ॲपची वेगमोजणीही थेटच होत असणार, नाहीतर 31 एमबीपीएसचा वेग आणि पानाला 22 सेकंद या दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात खऱ्या ठरल्या नसत्या. म्हणजे ज्या चाचणीवर तुम्ही माझी तक्रार बंद केली, ती या दोषाच्या शेजारून निघून जाते. तिला तो कधीच दिसणार नाही.

खात्री करायला मी त्या नोंदीतले Proxy आणि Port पुसले, नोंद जतन केली, विमान मोड चालू करून बंद केला. पान दोन सेकंदांत. दोन्ही ओळी परत भरल्या, 21 सेकंद. असे तीन वेळा उलटसुलट केले, दर वेळी तेच. शेवटी यादीच्या मेनूमधून Reset to default दाबले, दुसरी नोंद गेली, मूळची राहिली आणि नेट पूर्ववत झाले. दोन मिनिटांचे काम. त्यासाठी फोटो पुसायची गरज नव्हती.

आता ही नोंद आली कुठून? मी हाताने भरलेली नाही. मला आठवले की सिम सुरू झाल्यावर काही मिनिटांत 'नवीन सेटिंग मिळाली, स्थापित करा' असा संदेश आला होता. कंपनीकडून आला म्हणून मी विश्वासाने 'स्थापित' दाबले. हो, बटण मीच दाबले. पण कंपनीच्या संदेशावर संशय घ्यायचा असतो हे ग्राहकाला कोण शिकवणार?

भावाला विचारले, तर त्याच्याही फोनवर सिम घालताच तो संदेश आला होता. तो अनोळखी काहीही स्थापित करत नाही (त्याच्या या सवयीला मी आजवर हसत आले), म्हणून त्याने रद्द केले आणि त्याच्याकडे नेट धावले. मग मी सिम परत माझ्या फोनमध्ये घातले. संदेश पुन्हा हजर! या वेळी मुद्दाम 'स्थापित' केले आणि तीच नोंद, तोच पत्ता, तोच 8080. म्हणजे एखादे सिम वेगळ्या फोनमध्ये गेलेले दिसले की तुमची यंत्रणा आपोआप सेटिंग पाठवते आणि तिच्यातला साचा जुना आहे. मी आज दुरुस्त केले तरी उद्या फोन बदलला की हेच होईल.

सगळ्यांना हा त्रास का होत नाही, असे तुम्ही विचाराल. काही फोनांना असे संदेश कळतच नाहीत. काही जण भावासारखे रद्द करतात. उरलेले बिचारे 'नेटवर्कच खराब आहे' म्हणून तुमच्या नावाने बोटे मोडत राहतात. आणि गंमत म्हणजे तुमचे नेटवर्क खराब नाही.

हे सगळे मी तिसऱ्या फोनवर सांगायचा प्रयत्न केला. "एपीएनमध्ये पोर्ट 8080 आलाय, तो काढायला हवा," असे म्हणताच पलीकडून आवाज एकदम गोड झाला: "मॅडम, तुम्हाला पोर्ट करायचंय का? का जाताय आम्हाला सोडून?" आणि मला सवलतीची योजना ऐकवण्यात आली. मी दोनदा सांगितले की नंबर कुठेही न्यायचा नाही. तरी तासाभराने संदेश आला: 'आपली पोर्टिंगविषयक शंका दूर झाली आहे.' त्या मुलाचा राग नाही, त्याच्यासमोरच्या पडद्यावर 'प्रॉक्सी' हा पर्यायच नसावा.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. तक्रार पुन्हा उघडून ती सेटिंग पाठवणाऱ्या विभागाकडे द्यावी, कॉल सेंटरकडे नाही. संदेशातल्या साच्यातून मुख्य Proxy आणि Port काढावेत. चित्रसंदेशांसाठी प्रॉक्सी खरोखर लागत असेल तर तो त्याच्या स्वतंत्र जागेत भरावा. ज्यांनी ही सेटिंग आधीच स्थापित केली आहे, त्यांना Reset to default कुठे आहे ते एका साध्या संदेशाने कळवावे. प्रतिनिधींच्या प्रश्नावलीत 'सिम नुकतेच बदलले का?' आणि 'कॉल चालतात पण पाने अडतात का?' हे दोन प्रश्न वेगमोजणीच्या आधी घालावेत. आणि पैसे भरूनही नेट नीट वापरता आले नाही त्या 19 दिवसांची वैधता मला वाढवून मिळावी.

सोबत दोन्ही नोंदींची आणि तुमच्या संदेशाची पडद्यावरची चित्रे, तसेच तिन्ही तक्रारींचे क्रमांक जोडले आहेत. उत्तर कृपया लेखी द्यावे. फोनवर दिले तर ते पुन्हा पोर्टिंगमध्ये जाईल.

आपली,
एक ग्राहक
(नाव व मोबाइल क्रमांक सोबतच्या अर्जात दिला आहे)