सात टक्क्यांचा हिशेब

ती. बाबा आणि आई,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, आई मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, म्हणून लिहितेय. बाबा, तुमचं म्हणणं की दुबईत पैसे नुसते पडून आहेत, सगळे इकडच्या बँकेत, परदेशात राहणाऱ्यांच्या रुपयातल्या एनआरई एफडीत टाक, सात टक्के मिळतात वर भारतात टॅक्सही नाही. टॅक्सचं बरोबर आहे, पण सात टक्के रुपयात आहेत ना, माझा पगार दिरहामात येतो आणि दिरहाम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, म्हणजे मी डॉलरच कमावते असं धरा.

आता हिशेब बघा. जानेवारी २०१४ ला डॉलर साधारण ६२ रुपये होता, तेव्हा कुणी १०,००० डॉलर आणले तर झाले ६ लाख २० हजार. सात टक्क्यांनी दहा वर्षांत झाले साधारण १२ लाख २० हजार, दुपटीच्या जवळ, तुम्ही खूश! पण जानेवारी २०२४ ला डॉलर ८३ च्या आसपास, परत डॉलर करायला गेलं तर हातात १४,७०० च्या आसपास, म्हणजे वर्षाला चार टक्क्यांपेक्षा थोडं कमीच. बाकीचे तीन टक्के रुपया घसरण्यात गेले.

पण हे नुकसान कधी, तर पैसे परत डॉलरात लागणार असतील तरच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकलाच होणार, बिल रुपयात येणार, त्याला डॉलर ८३ असो की ९०, एफडीतले पूर्ण १२ लाख तिच्याच कामाचे. म्हणून तेवढे पैसे एनआरईत टाकतेय. पिंकीच्या बाहेरच्या शिक्षणाचे मात्र एफसीएनआरमध्ये, ती एफडी भारतातल्याच बँकेत असते पण डॉलरातच राहते, एक ते पाच वर्षं, व्याज बऱ्याचदा कमी पण रुपया पडला तरी फी भरायला तेवढेच डॉलर.

आणि एक, मागच्या वेळी मी एनआरई एफडी अकराव्या महिन्यात मोडली, व्याज शून्य! वर्ष पूर्ण झाल्याशिवाय एक पैसा मिळत नाही हे मला तेव्हा कळलं, तुम्हाला सांगितलं नव्हतं, ओरडला असतात.

बँकेत गेलात तर मॅनेजरना एवढंच विचारा की १०,००० डॉलर आले तर तुम्ही नक्की काय भाव लावणार. समजा गूगलवर ८३ दिसतो आणि बँक ८२.४० देते, साठ पैसे वाटतात किरकोळ पण तिथेच ६,००० रुपये जातात. आकडा कागदावर लिहून घ्या, मी इथल्या एक्सचेंजचा भाव काढून ठेवते, जिथे जास्त रुपये पडतील तिथून गुडघ्याचे पैसे पाठवते.

तुमची,
ताई