अडीचच्या वर म्हणजे कॅन्सर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला पेट स्कॅनवरचा लेख वाचला. मी वाचला हे ठीक, पण तो आमच्या सौभाग्यवतींनीही वाचला, आणि चहा अर्धा टाकून त्या उठल्या नि कपाटातली तीन वर्षांपूर्वीची फाईल काढून बसल्या. कारण लेखातली ती लाल चौकट: ‘एसयूव्ही २.५ पेक्षा जास्त असल्यास कॅन्सर समजावा.’ आमच्या फाईलमधला आकडा ११.४ आहे. कॅन्सर तेव्हाही नव्हता, आजही नाही.

मी तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे आकडा कुठून आला हे विचारायची खोड आहे. एसयूव्ही हा साधा भागाकार आहे. स्कॅनआधी शिरेतून जे औषध देतात ती साखरेची नक्कल असते, तिला किरणोत्सर्गी फ्लोरिनची शेपटी जोडलेली. सौ.ना दिलेली मात्रा किरणोत्सर्गाच्या मापात २४० मेगाबेकरेल आणि वजन ६० किलो. औषध अंगभर सारखे पसरले असते तर किलोमागे ४ मेगाबेकरेल आले असते. छातीतल्या एका गाठीत मशीनला किलोमागे ४५.६ या हिशेबाने सापडले. ४५.६ ला ४ ने भागा, ११.४ येतात. म्हणजे सरासरीच्या जवळजवळ साडेअकरा पट औषध त्या जागी गोळा झाले होते. (या फ्लोरिनची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, ती घटही हिशेबात धरतात.) आकडा इतकेच सांगतो. ते औषध तिथे कोणी ओढून घेतले, हे त्या भागाकारात कुठेच नाही.

आता त्याच अहवालातले दुसरे आकडे सांगतो, म्हणजे आपल्या चौकटीची गंमत कळेल. सौ.चे यकृत २.६ होते. निरोगी माणसाचे साधारण दोन-अडीचच्या आसपास असतेच. मेंदू तर दिवसरात्र साखरेवरच चालतो, तो दहाच्याही वर जातो. औषध लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्राशयाचा आकडा त्याहून मोठा येऊ शकतो. आपल्या चौकटीप्रमाणे पाहिले तर महाराष्ट्रात धडधाकट माणूस सापडणे कठीण! हा अडीचचा आकडा आकाशातून पडलेला नाही, हे मान्य. फुप्फुसातल्या एकट्या-दुकट्या गाठींच्या जुन्या अभ्यासांतून तो आला. पण तिथला अंदाज उचलून आपण तो अंगातल्या प्रत्येक गाठीला लावलात, तोही लाल रंगात.

आता आमची हकीकत. सौ.ना दोन महिने संध्याकाळी कणकण यायची, वजन चार किलोंनी उतरले. सीटी स्कॅनमध्ये दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठी दिसल्या, म्हणून पेट स्कॅन. सहा तास उपाशी, आधी बोटातून साखर तपासली, इंजेक्शननंतर तासभर मंद उजेडाच्या खोलीत पांघरूण घेऊन गप्प बसायचे. बोलले तर गळ्याचे स्नायू साखर खातात आणि तेही चमकतात, असे तिथल्या मुलीने सांगितले. ‘एवढी गप्प तर मी बोहल्यावरही नव्हते,’ हे सौ. मला बाहेर आल्यावर म्हणाल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या खरोखरच गप्प झाल्या.

कारण अहवाल आला. ११.४ हा आकडा ठळक अक्षरांत, लिम्फोमाची म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरची शंका, आणि शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ: क्षयासारखा दाहही असू शकतो, तुकडा काढून तपासावा. ही ओळ कोणीच वाचली नाही. एका डॉक्टरांनी पहिल्या पानावरूनच ‘बरंच पसरलेलं दिसतंय’ म्हणून टाकले. मेहुण्यांनी आपल्यासारखीच एक चौकट मोबाइलवर आणून दाखवली. पुण्याहून नणंद भेटायला आली आणि येताना दागिन्यांच्या वाटणीचा विषयही घेऊन आली. तपासणीची तारीख मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्याने हसले नाही.

मग तोंडावाटे दुर्बीण घालून, श्वासनलिकेच्या आतून सोनोग्राफीने गाठ बघत सुईने नमुना घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठीत दिसणारा दाणेदार दाह, मधोमध पनीरासारखा मेलेला भाग, कॅन्सरची पेशी एकही नाही. जीन एक्सपर्ट तपासणीत क्षयाचे जंतू मिळाले, आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला ते दाद देतात हेही कळले. दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. ताप तिसऱ्या आठवड्यात गेला. चार किलो परत आले, वर दोन फुकट.

हे कसे झाले, ते छातीच्या डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवले. कॅन्सरची पेशी हावरट. तिच्या भिंतीवर साखर आत घेणारी दारे जास्त असतात. नकली साखर त्याच दारांतून आत जाते, आत गेल्यावर तिच्यावर फॉस्फेटचा शिक्का बसतो आणि खऱ्या साखरेसारखी ती पुढे जाळली जात नाही. अडकून पडते, म्हणून चमकते. पण जंतूंशी झुंजणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशींनाही त्या वेळी अशीच भूक लागते. त्याही दारे वाढवतात, त्यांच्यातही ती साखर अशीच अडकते. क्षयाच्या गाठीत अशा पेशींची फौजच ठाण मांडून असते. सारकॉइडोसिस या दाहाच्या आजारात तेच, न्यूमोनियात तेच, ऑपरेशनच्या ताज्या जखमेत तेच. करोनाच्या लसीनंतर तर टोचलेल्या हाताच्या काखेतल्या गाठी चमकू लागल्या आणि स्कॅन वाचणारे आधी ‘लस कोणत्या हाताला?’ हे विचारू लागले. दोन्ही बाजूंना सारख्या मापाने चमकणाऱ्या गाठी असल्या तर जाणकाराला दाहाची शंका येते, पण शंकाच. आकडा मोठा म्हणून कॅन्सर हे क्षयाच्या देशात तर धरूच नये. नमुना घेतल्याशिवाय उत्तर नाही.

उलटेही तितकेच खरे. सात-आठ मिलिमीटरची गाठ किंवा सावकाश वाढणारा कॅन्सर अडीचच्या खाली राहू शकतो. म्हणजे आपली हिरवी चौकट (‘२.५ पेक्षा कमी: निश्चिंत राहा’) ही लाल चौकटीपेक्षा जास्त धोक्याची आहे. आणि इंजेक्शननंतर साठ मिनिटांऐवजी नव्वद मिनिटांनी स्कॅन केला, रक्तातली साखर वाढलेली असली किंवा मशीन बदलले, तरी त्याच गाठीचा आकडा बदलतो. मग दशांशचिन्हापुढच्या पाचावर कोणाचा जीव टांगायचा?

लेखासोबतचा फोटोही पेट स्कॅनचा नव्हता, तो सोनोग्राफीचा होता. हे आमच्या नातवाने ओळखले.

दुरुस्ती छापावी, आणि लाल चौकट छापली त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. आठव्या पानावर निविदांच्या शेजारी नको. जाता जाता, गेल्या रविवारच्या शब्दकोड्यात आडवे १४ ला पाच घरे आहेत आणि आपण छापलेले उत्तर चार अक्षरी आहे. त्यावर मी दोनदा लिहिले. जागेअभावी हे पत्र कापायचे झाल्यास शब्दकोड्याचे कापा, यकृताचे कापू नका.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली