जामीनदाराचा नंबर नंतर लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग जामीनदाराच्या दारात या’ अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. माझी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली, त्यामुळे ही चीड मला नवी नाही. पण कायदा तसा नाही. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 128 म्हणते की करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने थकवल्याशिवाय ती अंगावर येत नाही, एवढ्यापुरती ती दुय्यम. एकदा थकले की बँक दोघांपैकी कुणालाही आधी धरू शकते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. आधी कर्जदाराच्या मागे फिरून ये असे बँकेला सांगितले, तर जामीन घेण्यात अर्थच उरत नाही, असे त्यामागचे कारण.

मात्र पैसे भरल्यावर जामीनदाराच्या हातात काय येते, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. समजा, मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याने टेम्पो तारण ठेवून कर्ज काढले आणि मेहुणा व शेजारचा गाळेवाला असे दोघे जामीन राहिले. कर्ज थकले, व्याजासह 4,80,000 रुपये बाकी निघाली. मेहुण्याची पगारदार नोकरी, म्हणून बँकेने त्यालाच गाठले आणि त्याने सगळी रक्कम भरली. आता बँकेच्या जागी तो उभा राहतो. सगळे पैसे तो व्यापाऱ्याकडून मागू शकतो. व्यापारी हात वर करत असेल, तर गाळेवाल्याकडून निम्मे, म्हणजे 2,40,000 रुपये मागू शकतो. टेम्पोवरचा तारणाचा हक्कही त्याच्याकडे येतो. घरच्या माणसाविरुद्ध दावा कोण लावणार, असे म्हणून लोक गप्प बसतात, तो भाग वेगळा.

याच उदाहरणात बँकेने जामीनदारांना न विचारता तो टेम्पो मधेच मोकळा करून दिला असेल, आणि त्याची किंमत 1,50,000 रुपये असेल, तर कलम 141 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी तेवढ्याने कमी होते. 4,80,000 ऐवजी 3,30,000. वसुलीची नोटीस आली की ‘मी फक्त सही केली होती’ असे सांगण्यापेक्षा तारणाचे काय झाले, हा प्रश्न लेखी विचारावा. आमच्या टेबलावर हा प्रश्न क्वचितच यायचा.

इंडेम्निटी बाँडचे गणित निराळे. ठेवीची पावती हरवली की बँक तो लिहून घेते. उद्या कुणी खरी पावती घेऊन हक्क सांगत आला आणि बँकेला नुकसान झाले, तर ते मी भरून देईन, एवढाच तो करार. त्यात दोनच पक्ष असतात, तुम्ही आणि बँक. कर्जदार नावाचा तिसरा माणूस नाही, त्यामुळे तो थकण्याची अट नाही आणि भरलेले पैसे ज्याच्याकडून वसूल करायचे असा मूळ देणेकरीही नाही. पहिल्यापासून जबाबदारी तुमचीच.

खरी मेख अशी की आजकाल जामीनपत्राच्या छापील नमुन्यातच ही दुसरी जबाबदारी बेमालूम घुसवलेली असते. ‘या कर्जापोटी होणारे कोणतेही नुकसान मी स्वतः मुख्य देणेकरी या नात्याने भरून देईन’ असे वाक्य तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरात सापडते. मूळ कर्जाचा दस्तच अवैध ठरला, तर निव्वळ जामीन डळमळीत होतो, पण या वाक्यामुळे बँकेला तुमच्यावर वेगळा दावा उरतो. त्याच्याच आसपास आणखी एक ओळ असते, ‘मुदत वाढवली, अटी बदलल्या किंवा तारण सोडले तरी माझी संमती आहे असे समजावे.’ या ओळीखाली सही झाली की वर सांगितलेले टेम्पोचे 1,50,000 रुपये कमी करून मागायला फारसा आधार राहत नाही. कायद्याने दिलेले संरक्षण जामीनदाराने आपल्याच सहीने सोडलेले असते.

ही वाक्ये खोडून द्यायला संस्था सहसा तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘माझी जबाबदारी कमाल 2,00,000 रुपये’ अशी मर्यादा घालून मागितली, तर मात्र कर्ज द्यायची घाई असलेला शाखाधिकारी अनेकदा मान्य करतो. ती मर्यादा तोंडी न ठेवता जामीनपत्रावरच लिहून घ्यावी, तिच्याशेजारी अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यावा आणि व्याज त्या रकमेत धरले आहे की वेगळे, तेही तिथेच लिहायला लावावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
विश्रामबाग, सांगली