मुदतीत अर्ज करूनही चॅनेल परत न मिळाल्याबद्दल तक्रार

घणसोली, नवी मुंबई
१८ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
भारत कार्यालय

विषय: डिलीट झालेले चॅनेल ३० दिवसांच्या आत मागूनही न मिळणे आणि मूळ फाईलींचे अपलोड अडवले जाणे

महोदय,

आमच्या आगरी लग्नांत धवलारीण जे धवले गाते, ते मी २०१६ पासून घणसोली, तळवली, गोठिवली आणि आसपासच्या गावांत फिरून रेकॉर्ड करते आणि तुमच्या साइटवरच्या माझ्या चॅनेलवर ठेवते. १२ मे रोजी हे चॅनेल डिलीट झाले. चॅनेलवर माझ्याबरोबर माझ्या भाच्यालाही मालकाचे हक्क दिलेले होते, तुमच्या नियमांत तशी सोय आहे. त्याच्या खात्यात कुणीतरी शिरले आणि तिथून चॅनेल काढून टाकले. त्याच सकाळी मला तुमचा मेल आला की चॅनेल ११ जूनपर्यंत राखून ठेवले आहे आणि तोवर ‘रिस्टोअर’ करता येईल.

मी लगेच त्या पानावर गेले. तिथे लिहिलेले होते की ज्या खात्यातून चॅनेल काढले, त्याच खात्यातून ते परत घेता येते. ते खाते भाच्याचे. आणि भाच्याचे खाते तुमच्या सुरक्षा विभागाने ‘संशयास्पद हालचाल’ म्हणून लॉक केले होते. लॉक केले हे योग्यच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे रिस्टोअरचे बटण दाबू शकणारे एकमेव खाते बंद पडले, आणि दुसरी मालक म्हणून मी समोर उभी असताना मला ते बटण दिसतच नव्हते.

१३ मे रोजी मी रीतसर तक्रार नोंदवली. सोबत चॅनेल काढल्याचा तुमचा मेल, खाते लॉक झाल्याचा मेल आणि माझे ओळखपत्र जोडले. चॅनेल विभागाने कळवले की आधी खाते सोडवून घ्या. खाते विभागाने कळवले की तपास चालू आहे, वाट पाहा. वाट पाहता पाहता ११ जून उलटला आणि १२ जूनला उत्तर आले: मुदत संपल्यामुळे चॅनेल परत देता येत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. मुदत ग्राहकाने मागणी करेपर्यंत मोजायची असते. तुम्ही निर्णय देईपर्यंत ती मोजत बसलात, तर तिला सवलतीची मुदत म्हणता येणार नाही. या ३० दिवसांत व्हिडिओ फक्त लोकांच्या नजरेआड केलेले असतात, फाईली सर्व्हरवर तशाच असतात. म्हणून तर रिस्टोअर शक्य असते. माझा अर्ज आला त्या दिवशी या चॅनेलची पुसण्याची प्रक्रिया थांबवून ठेवणे एवढेच करायचे होते. खात्याचा तपास मग सावकाश चालला असता.

‘तुमच्याकडे मूळ फाईली असतील तर पुन्हा अपलोड करा,’ असा सल्ला तुमच्या उत्तरात आहे. कॅमेऱ्यावर केलेल्या बहुतेक रेकॉर्डिंगच्या मूळ फाईली माझ्याकडे दोन हार्ड डिस्कवर आहेत. त्या तुमच्या साइटवरच्या प्रतीपेक्षा चांगल्याही आहेत, कारण अपलोड करताना तुम्ही प्रत्येक व्हिडिओ दाबून लहान करता. पण मूळ फाईल म्हणजे चॅनेल नव्हे. नव्याने चढवलेल्या व्हिडिओला नवी लिंक मिळते. अभ्यासकांनी आपल्या प्रबंधांत दिलेल्या जुन्या लिंका मेल्या त्या मेल्याच. धवल्यांचे शब्द मी तुमच्याच सबटायटलच्या खिडकीत बसून आगरी बोलीत टाइप केले होते, त्यांची फाईल माझ्याकडे नाही. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत गावोगावच्या बायकांनी ‘आमच्याकडे हे कडवं असं म्हणतात’ म्हणून पाठभेद लिहिले होते. ते फक्त तुमच्याकडे होते.

सगळ्यात मोठे नुकसान लाइव्हचे आहे. मे २०२२ मध्ये गोठिवलीच्या एका हळदीत मी फोनवरून थेट प्रक्षेपण केले. अशा वेळी चित्र फोनमधून थेट तुमच्या सर्व्हरवर जाते. तुमच्या अॅपने त्याची प्रत फोनमध्ये ठेवलेली नाही. म्हणजे त्याची मूळ प्रत तुमच्याकडचीच. त्या रात्री गाणारी आजी आता हयात नाही. तिच्या मागे बसून झेलणाऱ्या दोघींनाही ते धवले सलग येत नाहीत. हे रेकॉर्डिंग मी पुन्हा कुठून आणू?

तुमचा सल्ला मानून नव्या चॅनेलवर मूळ फाईली चढवायला घेतल्या, तर पहिलाच व्हिडिओ अडला. कारण दाखवले: हा आवाज दुसऱ्या चॅनेलच्या मालकीचा आहे. त्या चॅनेलने माझाच धवला उचलून लावलेला आहे. माझे चॅनेल जागेवर असेपर्यंत माझे अपलोड जुने ठरत होते. ते गेल्यावर तुमच्या यंत्रणेला नक्कलच जुनी दिसू लागली.

मालकीचा पुरावा मी सोबत जोडते आहे. अडलेल्या व्हिडिओच्या मूळ फाईलीच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली creation_time नोव्हेंबर २०१८ ची आहे. डिस्कवरून डिस्कवर कॉपी करताना फोल्डरमधली तारीख बदलू शकते, आतली ही नोंद सहसा टिकते. अर्थात ती बदलणेही शक्य असते, म्हणून मी केवळ तिच्यावर विसंबत नाही. चॅनेलवरचा व्हिडिओ मी कापून लावला होता. मूळ फाईल त्याहून लांब आहे. तिच्यात गाणे सुरू होण्याआधी आजी तोंडातले पान थुंकते, पदर सारखा करते आणि मला विचारते, ‘चालू झालं का गो?’ मग गळा साफ करून पहिली ओळ धरते. हा भाग कधीच प्रसिद्ध झालेला नाही. नक्कल करणाऱ्याने तो दाखवावा. त्याच्याकडे असूच शकत नाही.

माझ्या मागण्या अशा. माझ्या चॅनेलचा डेटा सर्व्हरवर किंवा बॅकअपमध्ये अजून आहे की कायमचा पुसला गेला, हे लेखी कळवा आणि आहे तोवर त्याला हात लावू नका. असल्यास १३ मेच्या अर्जाची तारीख धरून, जुन्या लिंकांसकट चॅनेल परत द्या. संपूर्ण चॅनेल शक्य नसेल, तर आधी गोठिवलीचे लाइव्ह आणि सर्व सबटायटलांचा मजकूर द्या. मजकुराला जागा ती किती लागते? आणि माझ्या मूळ फाईलींवरचा दुसऱ्याच्या मालकीचा शिक्का एखाद्या माणसाने पुरावा पाहून काढावा, यंत्राने नव्हे.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे या तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत देणे तुमच्यावर बंधनकारक आहे. निकाल मान्य नसल्यास किंवा तो मुदतीत न आल्यास मी केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाणार आहे. डेटा पुसण्याचे काम मात्र पंधरा दिवस थांबणार नाही, म्हणून तो राखून ठेवल्याचे उत्तर पोचेबरोबरच द्यावे.

आपली,
(सही)
चॅनेलची मालक

सोबत: १२ मेचा मेल, खाते लॉक झाल्याचा मेल, १३ मेच्या तक्रारीची पोच, १२ जूनचे उत्तर, मूळ फाईलीचा सुरुवातीचा न कापलेला भाग