सोऱ्याच्या अर्ध्या मालकिणीस

सातारा,
१७ मे

प्रिय शालिनी,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीनंतर तुला पत्र नाही आणि तुझी दोन पत्रे उत्तरावाचून पडून आहेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. प्रकृतीचे म्हणशील तर ठीक आहे. उजवा खांदा धरला आहे, व्यायाम चालू आहे, साखर आटोक्यात आहे. एवढे पुरे. आज लिहायला बसले ते एका परवानगीसाठी, आणि ती तुझ्यावाचून कोणी देऊ शकत नाही.

तुळशीबागेतून आपण दोघींनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेला पितळी सोऱ्या मृणाल पुण्याला मागते आहे. अनिकेतची बदली झाली आहे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती दोघे निघणार आहेत. मागणी ऐकल्यावर मला प्रथम आनंद झाला, मग तुझा निम्मा वाटा आठवला, आणि मग इतके काही मनात दाटून आले की सगळे तुला सांगितल्यावाचून परवानगी मागणे मला बरे वाटेना.

मागच्या पत्रात तू विचारले होतेस की सुनेचे आणि माझे कसे चालले आहे. मी ते टाळले, कारण सांगण्यासारखे भांडण कधी झालेच नव्हते. आमच्यात शांतता होती आणि तीच मला खुपत होती. ती ओट्यापाशी आली की मी बाजूला होत असे. मी आले की ती. ‘काय करू?’ असे तिने विचारावे आणि ‘काही नको, तू बस’ असे मी म्हणावे, एवढेच आमचे संभाषण. तुला माहीत आहे, माईंच्या हाताखाली मी वैशाखात चीक कसा घोटला आहे. अंगात ताप असताना मला उभे केलेले पाहून तू मधल्या भिंतीवरून उडी मारून आलीस आणि माझ्या हातातले लाटणे ओढून घेतलेस, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या सुनेला कुरडयांच्या धबडग्यात कधी ओढायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले होते. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मृणालने सोऱ्या हातात घेतला, तेव्हा मी तो काढून घेतला आणि तिला आत पंख्याखाली पाठवले. हे वागणे तिच्या मनात कोणत्या रूपाने जाऊन बसले, ते मला या चैत्रात कळले.

या वर्षी खांद्यामुळे कुरडया करायच्याच नाहीत असे मी जाहीर केले. तेव्हा तीच म्हणाली, “आई, तुम्ही बसून सांगा, मी करते.” चार किलो लोकवन गहू निवडून भिजत घातले. रोज पाणी बदलायचे, हे तिला माहीत होते. पण तिसऱ्या दिवशी तिने घड्याळाकडे पाहून ‘झाले का?’ असे विचारले, तेव्हा मी तिला दाणा चिमटीत दाबायला लावला. आतून पांढरे दूध सहज बाहेर आले पाहिजे आणि सालाला दाणा चिकटून राहता कामा नये. दाणे अजून कच्चे होते. यंदा चैत्रात रात्री गार होत्या, म्हणून आणखी एक दिवस ठेवावे लागले. मग वाटण, पाणी घालून चोथा दोन-तीनदा पिळून काढणे, पातळ फडक्यातून गाळणे आणि रात्रभर ठेवणे, हे सगळे तिने न कंटाळता केले. सकाळी वरचे पिवळसर आंबूस पाणी ओतताना तिचा हात इतका स्थिर होता की खालचा घट्ट चीक जरासुद्धा ढवळला नाही.

घोटणीला मात्र घोटाळा झाला. मी स्टुलावर बसून ‘आता थोडा वेळ’, ‘अजून थोडे’ असे सांगत होते आणि ती प्रत्येक वेळी ‘किती मिनिटे?’ असे विचारत होती. मला मिनिटे कधीच ठाऊक नव्हती. दारी गॅसवाला आला म्हणून मी उठून गेले. परत आले तेव्हा वीस मिनिटे भरली म्हणून तिने गॅस बंद करून सोऱ्या भरायला सुरुवात केली होती. कुरडया दिसायला सुरेख पडल्या. परंतु त्या अजून दुधाळ पांढऱ्या होत्या, आणि संध्याकाळी उलटायला गेलो तर निम्म्यांचे तुकडे हातात आले. चीक कच्चा राहिला की वाळताना तडे जातात आणि तळल्यावर कुरडई फुलत नाही, टणक होते. मी रागावले नाही, गप्प राहिले. तीही गप्प राहिली. मग ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, “तुमच्या डोळ्यांना जे दिसते ते मला अजून दिसत नाही, म्हणून मी मोजते. तुम्ही मला पहिल्या वर्षी इथून उठवले नसते, तर एव्हाना दिसू लागले असते.”

शालिनी, तिला वाटत होते की माझा तिच्या हातावर विश्वास नाही. कोकणातली मुलगी, हिला देशावरचे काय जमणार, असे मी मनात धरून तिला पंख्याखाली पाठवले, अशी तिची पक्की समजूत होती. मी तिला माईंबद्दल, त्या तापाबद्दल आणि तुझ्या उडीबद्दल सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तुझ्या उडीवर इतकी हसली की मलाही हसू आवरेना. भिंत किती उंच होती, हे तिने मला दोनदा विचारले.

दुसऱ्या खेपेला मी स्टूल गॅसजवळ ओढून घेतले आणि जे दिसते ते मोठ्याने सांगत गेले. मोजलेल्या चिकाइतकेच पाणी, त्यात मीठ, हिंग आणि थोडे तेल. मीठ चवीला कमीच हवे, कारण पाणी उडून गेल्यावर खारटपणा वाढतो. पाण्याला खळखळून उकळी आली की चीक ढवळून एका धारेने ओतायचा आणि लाटणे थांबवायचे नाही, नाहीतर गुठळ्या होतात. आधी तो पांढरा असतो, मग कडेने पारदर्शक होऊ लागतो आणि मधे पांढरे पट्टे राहतात. ते पट्टे पूर्ण गेले पाहिजेत. त्यानंतर झाकण ठेवून मंद आचेवर वाफ, आणि शेवटी ओल्या बोटाने स्पर्श करून पाहणे: बोटाला काही चिकटले नाही की शिजला. तिने घड्याळ ओट्यावरून उचलून आत ठेवले. पट्टे गेल्याचे या वेळी तिने माझ्या आधी ओळखले.

तिसऱ्या खेपेच्या वेळी वळवाचा पाऊस आला. चीक तयार, आभाळ काळे, आणि एक दिवस जरी जास्त राहिला तरी उष्म्याने आंबट होणार, या विचाराने मी हवालदिल झाले. मृणालने शांतपणे वरचे पाणी ओतून टाकले, चिकावर थंडगार स्वच्छ पाणी घातले आणि पातेले फ्रीजमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा बदलले. तिच्या माहेरी मे महिन्यात आभाळाचा भरवसा कोणी धरत नाही, ते तिच्या अंगवळणी पडले आहे. ऊन पडल्यावर चीक वास घेऊन पाहिला, तर उत्तम होता. त्यातला वाटीभर तिने दूध-साखर घालून मला गरम खायला दिला. चीक शिजल्यावर पहिली वाटी स्वतःला मिळण्याची मला सवय नाही, हे तुला निराळे सांगायला नको.

मग तिच्या आईने रत्नागिरीहून रातांबे पाठवले आणि गच्चीवर तिचे राज्य सुरू झाले. फळे फोडून गर आणि बिया मीठ घालून बाजूला, साले उन्हात. रोज ती त्या रसात बुडवायची आणि पुन्हा वाळत घालायची. पुट देणे मी आयुष्यात प्रथम पाहिले. आमच्या कोरड्या उन्हात साले भराभर वाळतात, याचे तिला फार कौतुक वाटले आणि तिने लगेच आईला फोन लावला.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले, ते. परवा तिची वही ओट्यावर उघडी राहिली होती आणि मी ती बाजूला ठेवायला उचलली. प्रमाणे, वेळा, ‘पट्टे जाईपर्यंत’ अशा नोंदी होत्या. त्यांच्याखाली एक ओळ होती: “आई उभ्या राहिल्या की डावा हात ओट्यावर टेकवतात. खांदा सांगतात त्याहून जास्त दुखतो. सोऱ्या दाबायला त्यांना बोलवायचे नाही, पण स्टूल इथेच ठेवायचे.” मी वही होती तशी ठेवली. एखादी सून सासूला कामातून सोडवते आणि तरीही स्वयंपाकघरातून उठवत नाही, हे मला सुचले नव्हते, शालिनी. मी तिच्यासाठी जे करू पाहत होते, त्यातले उरलेले निम्मे तिने केले. माईंच्या घरात आपण दोघींनी जे सोसले ते तुला माहीत आहे, म्हणून त्या ओळीचे वजन तुलाच कळेल. अनिकेतच्या बाबांना मी सांगितले, तर ते ‘चांगली आहे मुलगी’ म्हणाले आणि वर्तमानपत्राकडे वळले.

काळजी म्हणशील तर आता एकच आहे. ती दोघे गेल्यावर हे सगळे सुट्ट्यांपुरते उरेल आणि पुन्हा आम्ही एकमेकींशी जपून बोलू लागू, असे मला रात्री वाटत राहते. पुण्याच्या घराला गच्ची नाही, गॅलरीत ऊन सकाळीच येते. तिथे ती कुरडया कशा वाळवणार, असेही मनात येते. मी तिला हे बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की चीक आणि घोटणी इथेच करायची, ती चैत्रात आठ दिवस रजा काढून येईल. पुण्यात सोऱ्या हवा आहे तो शेवेसाठी आणि चकलीसाठी. हे ऐकूनही काळजी पूर्ण गेलेली नाही. तुझे मत मला हवे आहे.

हो, आपल्या जुन्या वादाचा निकाल लागला. तू दीडपट पाणी म्हणत आलीस आणि मी समान. मृणालने दोन लहान पातेल्यांत दोन्ही करून पाहिले. तुझ्या जास्त फुलल्या आणि हलक्या झाल्या. माझ्या डब्यात अखंड राहिल्या, तुझ्या बऱ्याच मोडल्या. तिने वहीत दोघींची नावे घालून दोन्ही प्रमाणे लिहिली आहेत. तुरटीचा तुझा आग्रह मात्र तिलाही मान्य नाही.

तुझ्या गुडघ्याचे कसे आहे? नातवाचा दहावीचा निकाल लागला की लगेच कळव. भाऊजींना नमस्कार सांग.

सोऱ्याबद्दल तुझी हरकत असेल तर मोकळेपणाने लिही; मी तिला समजावेन. नसेल, तर बारीक शेवेची चकती तुझ्याकडे आहे ती पाठव, कारण तिच्यावाचून सोऱ्या अर्धाच आहे. कुरियरने पाठवलीस तर ३ जूनच्या आत इथे पोहोचेल असे पाहा. तुझ्यासाठी कुरडयांचा डबा मृणालने भरून ठेवला आहे. त्यात खाली समान पाण्याच्या आहेत आणि वर तुझ्या.

तुझी,
सुमन